गोवराच्या लसीसाठी एका घराचे मन वळवताना

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची बांधाबांध सुरू होते, आणि आशा कार्यकर्ती म्हणून माझी घाई त्याच्या आधीच्या लसीकरण सत्राची असते, कारण फडाजवळच्या खोप्यांच्या दाटीत गोवर एका मुलाकडून दुसऱ्याकडे फार लवकर जातो. यंदा माझ्या यादीत चौदा महिन्यांचा एक मुलगा होता. नवव्या महिन्यानंतर द्यायची गोवर-रुबेलाची पहिली मात्रा त्याला मिळालेली नव्हती.

त्याच्या आईची ना नव्हती, अडून बसल्या होत्या आजी. “थोरल्या पोरीला सुई दिली अन् आठवड्यात अंगावर गोवर उठला. आता ह्याला न्हाई द्यायची,” असे त्या दर वेळी सांगत. त्यांचे ऐकून मी आधी थोरलीचे कार्ड मागितले आणि पुरळ कधी उठले, किती दिवस राहिले, खोकला होता का, डोळे लाल झाले होते का, हे एकेक विचारले. पुरळ आठव्या दिवशी उठले होते, दोन दिवसांत गेले होते आणि पोर खेळत होती. आजींनी पाहिले ते खरेच होते. या लसीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, त्यामुळे साधारण सातव्या ते बाराव्या दिवसादरम्यान काही मुलांना ताप व बारीक पुरळ येते. खऱ्या गोवरात मात्र मूल खोकल्याने आणि तापाने निपचित पडते, आणि पुढे न्यूमोनियाही होऊ शकतो. आजींच्या धाकट्या दिराचे मूल गोवरानंतर छातीत कफ भरून गेले होते, ते त्यांनीच मग सांगितले. ‘काहीच होत नाही’ असे म्हणून मी त्यांची समजूत काढली असती, तर ती पहिल्याच तापाला मोडली असती, असे मला वाटते.

त्यांची दुसरी शंका कुपीची होती, कारण उरलेली जुनी लस आपल्या नातवाला टोचतील असे त्यांना वाटत होते. म्हणून सत्राच्या दिवशी सिस्टरांनी त्यांच्यासमोर द्रावण मिसळून कुपीवर वेळ लिहिली आणि चार तासांनंतर उरलेली लस वापरत नाहीत हे सांगितले. उजव्या दंडावर लस, तोंडाने ‘अ’ जीवनसत्त्व, आणि अर्धा तास तिथेच थांबणे, एवढ्यात काम झाले.

नवव्या दिवशी ताप आला, तेव्हा आजींनी स्वतःच निरोप धाडला. मी जाऊन पाहिले. मूल पीत होते, श्वास नीट चालला होता, म्हणून सिस्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेले पॅरासिटामॉल तेवढे दिले. दुसरी मात्रा सोळाव्या महिन्यानंतर, म्हणजे कारखान्यावर असतानाच येते. तेव्हा कार्ड सोबत न्यायला आणि ते दाखवून तिथल्या उपकेंद्रात लस मागायला मी आईला सांगितले आहे.