‘योगायोग’ म्हणालो आणि अडकलो

चार गुणांचा प्रश्न होता. `x³/((x−1)(x−2))` याचं संकलन करा. पेपर तपासताना एका मुलीच्या उत्तरावर मी लाल रेघ मारली. तिनं अपूर्णांक `A/(x−1) + B/(x−2)` असा फोडून, छेदातले अवयव बोटानं झाकून `A` आणि `B` हे सहगुणक काढले होते आणि थेट लॉगवर उडी मारली होती. अंशाचा घात ३, छेदाचा २. म्हणजे आधी भागाकार हवा, तो तिनं केलाच नव्हता. मी शून्य दिलं आणि पुढचा पेपर घेतला.

दुसऱ्या दिवशी ती आदर्श उत्तरपत्रिका घेऊन टेबलाशी आली. “सर, माझे A आणि B तर बरोबर आहेत!”

बघितलं, तर खरंच. तिचा `A = −1`, `B = 8`. आदर्श उत्तरातही तेच. मी म्हणालो, “योगायोग आहे. रीत चुकलेली आहे.” सगळा वर्ग ऐकत होता. ती गप्प बसली, पण मला काही चैन पडेना. दोन आकडे एकदम योगायोगानं जुळत नसतात.

रिकाम्या तासाला कागद घेतला. झाकण्याची रीत खरं तर साधी आहे. `A` हवा तर `(x−1)` झाकायचा आणि उरलेल्यात `x = 1` घालायचं: `1/(1−2) = −1`. `(x−2)` झाकून `x = 2` घातलं की `8/1 = 8`. आमचे एक ज्येष्ठ सहकारी याला ‘झाकाझाकी’ म्हणतात आणि वर्गात शिकवत नाहीत. त्यांच्या मते मुलांनी समीकरणं मांडून सहगुणकांची तुलना करावी. मला ही नुसती शिस्तीची हौस वाटते. दोन अवयवांना ठीक, चार अवयव आले की चार समीकरणं सोडवताना मुलं चिन्हातच घसरतात.

पण बोट ठेवताना आपण नेमकं काय करतो? दोन्ही बाजूंना `(x−1)` नं गुणतो. भागाकार केला असता, तर भागफळ `x+3` आलं असतं, म्हणून पूर्ण मांडणी अशी:

```
x³/((x−1)(x−2)) = x + 3 + A/(x−1) + B/(x−2)

x³/(x−2) = A + (x−1)·[ x + 3 + B/(x−2) ]
```

आता `x = 1` घाला. चौकटी कंसातलं सगळंच शून्यानं गुणलं जातं. `B` चं पद जातं हे मी दरवर्षी सांगतो. पण त्याच्यासोबत `x+3` सुद्धा जातं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. भागाकार करा वा करू नका, `A` आणि `B` तेच येणार. रीत चुकत नाही, तिला फक्त बहुपदी दिसत नाही. आणि म्हणूनच ही चूक पकडायला अवघड: सहगुणक कितीही वेळा तपासा, बरोबरच निघतात.

(`x = 1` ला मूळ छेद शून्य होतो, मग ते घालायचंच कसं, असं एखादा हुशार मुलगा विचारतोच. गुणाकारानंतर `(x−1)` छेदातून गेलेला असतो. १ सोडून त्याच्या आसपास दोन्ही बाजू समान आणि तिथे दोन्ही सलग, म्हणून १ लाही समान.)

चूक पकडायची तर अवयवांच्या मुळांशिवाय दुसरी एखादी किंमत घालून बघावी लागते. `x = 0` घ्या. डावीकडे ०. तिच्या उत्तरात `−1/(−1) + 8/(−2) = 1 − 4 = −3`. बरोबर ३ कमी.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर हे सगळं मांडलं आणि ‘योगायोग’ हा शब्द मागे घेतला. शून्याचे दोन गुण केले. सहगुणकांचे दोन तिचे होते, बहुपदीचे दोन नाहीत. सहकाऱ्यांच्या मते एकही द्यायला नको होता, कारण अंशाचा घात न बघता ही रीत वापरणं हेच मूळ पाप. त्यांचं अगदीच चूक आहे असं म्हणवत नाही. संकलनात `x²/2 + 3x` हा अख्खा तुकडा गायब होता, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

मी फळ्यावर भागाकार मांडायला घेतला, तेवढ्यात तीच म्हणाली, “सर, कशाला? घातांतला फरक १, म्हणजे भागफळ `px + q`. वरच्या आणि खालच्या सर्वोच्च घातांचे सहगुणक १, म्हणून `p = 1`. आणि `x = 0` ला ३ कमी पडतात, म्हणजे `q = 3`.”

खडू हातातच राहिला. इतकी वर्षं मी ते `x+3` भागाकार करूनच काढत आलो होतो.