खुबा वाचवला तर खांदा धरला: माझा अनुभव

दुखत होता उजवा खुबा. खुबा म्हणजे कंबर नव्हे. मांडीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या बाजूला हाताला जे टणक हाड लागतं ती जागा. दिवसा फारसा त्रास नसे, जिना चढताना थोडी कळ येई. रात्री मात्र उजव्या कुशीवर वळलं की थोड्याच वेळात जाग. म्हणून डाव्या कुशीवर झोपायला लागले, तरी उजवा खुबा दुखतच राहिला. कशावरही न टेकलेला, वरच्या बाजूचा खुबा का दुखावा? हे कळेपर्यंत मी उशा नुसत्या इकडच्या तिकडे करत होते.

नाशिकमधल्या कॉलेज रोडच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याचं उत्तर दिलं. त्या हाडाला नितंबाच्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणारे चिवट दोर, येऊन चिकटतात. दुखऱ्या कुशीवर झोपलं की त्या गादी आणि हाड यांच्यात चेपल्या जातात, हे कुणालाही पटेल. पण दुसऱ्या कुशीवर झोपल्यावर वरचा गुडघा पुढे सरकून गादीवर पडतो, मांडी आतल्या बाजूला झुकते आणि त्याच कंडरा ताणल्या जाऊन हाडावर दाबल्या जातात. चेपणं दोन्हीकडे आहेच, एकदा बाहेरून आणि एकदा ताणामुळे. गुडघ्यांमधल्या उशीचं काम म्हणजे ही मांडी खाली झुकू न देणं. त्यामुळे ती किती मऊ आहे यापेक्षा दाबल्यावर किती उंच राहते ते बघायचं.

घरातली जुनी कापसाची उशी नुसती ठेवली तर पाच इंच भरायची. पाय ठेवल्यावर जेमतेम अडीच इंच उरायची. मग मोजण्याची सोपी पद्धत काढली. डाव्या कुशीवर झोपायचं, दोन्ही गुडघे थोडे वाकवून एकावर एक ठेवायचे आणि घरातल्या कुणाला तरी पायथ्याशी उभं राहून बघायला सांगायचं. वरची मांडी गादीला समांतर दिसली पाहिजे. गुडघा खुब्यापेक्षा खाली दिसला तर उशीवर घडी केलेली चादर घालायची आणि पुन्हा बघायचं. माझ्या बाबतीत दाबलेली उंची सहा इंच झाल्यावर मांडी सरळ दिसली. ज्यांचा बांधा रुंद आहे त्यांना जास्त लागेल, बारीक माणसाला कमी. आकडा माझा धरू नका, पद्धत धरा.

उंची जमली तरी दोन रात्री दुखणं तसंच होतं. चूक लांबीची होती. उशी मी आडवी, फक्त गुडघ्यांमध्ये ठेवत होते, त्यामुळे गुडघा वर आणि पाऊल खाली लोंबकळत होतं. पाऊल गुडघ्याच्या खाली गेलं की अख्खी मांडी खुब्यात पिळली जाते. आधार गुडघ्याच्या वीतभर वरून घोट्याच्या खालपर्यंत हवा. माझ्यासाठी ते अंतर चोवीस इंच भरलं. लोड वापरून पाहिला; तो गोल असल्यामुळे झोपेत घरंगळतो आणि पहाटे पलंगाखाली सापडतो. शेवटी कामाला आली ती गोधडी. चोवीस इंच लांब, दहा इंच रुंद अशी घडी घालून दोन ठिकाणी नाडीने बांधली आणि वर जुना अभ्रा चढवला. गोधडी कापसाच्या उशीसारखी रात्रीत बसत नाही. नाडीची गाठ मात्र कडेला ठेवायची, नाहीतर गुडघ्याच्या आतल्या हाडाला टोचते.

खुबा शांत झाला आणि आठवड्याभरात डावा खांदा ठणकू लागला. आता रोज सगळी रात्र डाव्या कुशीवर जात होती ना! खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून जाणारी कंडरा दंडाचं हाड आणि वरचं हाड यांच्यामध्ये असते. त्या टोकावर भार पडला की तीही चेपते. त्यात माझी सवय म्हणजे डावा हात उशीखाली, डोक्याच्या वर. हात वर गेला की ती जागा आणखी अरुंद होते. बोटांना मुंग्या येतात त्यादेखील कधीकधी याच सवयीमुळे.

इथे तीन बदल केले. पहिला, पाठीमागे एक उशी लावून अंग थोडं मागे रेलवलं, म्हणजे भार खांद्याच्या टोकावरून सरकून पाठीच्या फऱ्यावर येतो. खालचा हात पुढे काढून, कोपर वाकवून तळहात चेहऱ्यासमोर ठेवायचा. अंग मागे कललं की गोधडीही थोडी मागे ओढून घ्यावी लागते, नाहीतर पाय पुढे आणि धड मागे असा पीळ कमरेत बसतो.

दुसरा, डोक्याखालच्या उशीची उंची. ती कमी असेल तर मान खाली कलते आणि भार खांद्यावर येतो. खांद्याचं टोक आणि मान यांच्यातलं अंतर भरून निघेल इतकी ती हवी, आणि तिच्यावर फक्त डोकं आणि मान यायला हवी. खांदा उशीवर चढला तर सगळी मेहनत वाया. नाक आणि छातीचं मधलं हाड एका रेघेत दिसलं की उंची बरोबर.

तिसरा बदल वरच्या हातासाठी. उजवा हात छातीवरून गादीवर पडला की वरचा खांदाही पुढे ओढला जातो आणि धड त्याच्यामागे फिरतं. म्हणून छातीला लावून एक भरीव उशी कवटाळायची. कोपर खांद्याच्या उंचीच्या फार खाली जायला नको आणि मनगटही उशीवरच टेकायला हवं. नुसतं कोपर टेकवून मनगट लोंबकळलं तर सकाळी दंड दुखतो.

दिवाणावरची चार इंची कापसाची गादी गोळा झाली असेल तर खांदा तिच्यात रुतत नाही. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेईपर्यंत मी काखेपासून कमरेपर्यंत चौपदरी चादर घालत होते. तेवढ्याने धड उचललं जातं आणि खांद्याला खोबण मिळते.

खुबा दुखतो म्हणून गुडघा छातीवरून पलीकडे ओढून ताण देण्याचा व्यायाम बरेच जण सुचवतात. या दुखण्यात तोच नको, कारण त्यात मांडी आतच जाते. उशीने कंडरा बळकट होत नाही. त्यासाठी दिलेले व्यायाम काही आठवडे, कधी काही महिने करावे लागतात. उशीचा फरक मात्र तीन-चार रात्रींत जाणवायला हवा. कूस कशीही बदलली तरी दुखणं तसंच राहत असेल, जांघेत दुखत असेल, पडल्यानंतर सुरू झालं असेल, ताप असेल किंवा हात मागे नेणंच जमत नसेल (मधुमेह्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं), तर आधी डॉक्टरांकडे जावं. डाव्या खांद्याबरोबर छातीत दाटून घाम आला तर सकाळची वाट बघू नये.

एक गोष्ट थंडीत लक्षात आली. नाशिकला जानेवारीत अंगावर दोन जड गोधड्या येतात आणि त्यांच्या वजनाने वरचा गुडघा आणि हात पुन्हा खाली दबतात. ऑक्टोबरमध्ये जमलेली सहा इंचाची घडी तेव्हा अपुरी पडली. पांघरूण घेऊन पुन्हा मोजलं आणि आणखी एक चादर आत घातली.