कंसातले दोन आकडे

*सर, आकडे तर बरोबर आहेत जी. मग निकालाच्या भागात 'स्टाइलप्रमाणे करा' म्हणून पेपर काहून परत येते?*

आर्वीकडच्या एका विद्यार्थ्याचा सोयाबीनचा पेपर सध्या टेबलावर आहे, त्यावरूनच सांगतो. चार वाण, पाच रेप्लिकेशन, आरबीडी. शेताला उतार होता आणि वर हलकी, खाली भारी जमीन, म्हणून उताराला आडवे पाच ब्लॉक पाडून प्रत्येकात चारही वाण लावले. जर्नल एपीएची सातवी आवृत्ती मागतं. आणि पेपरमध्ये ओळ अशी:

F (3,19)=4.83,p=0.0198

एपीएला हवी ती अशी:

*F*(3, 12) = 4.83, *p* = .020

बाकीचं बाजूला ठेवा, आधी कंस बघा. १९ हा फॉरमॅटचा दोष नाही, तो चुकीचा आकडा आहे. एकूण प्लॉट वीस, म्हणून टोटलचा डीएफ १९. त्यातले ३ वाणांनी घेतले, ४ ब्लॉकांनी, उरले १२. हा एररचा डीएफ, आणि *F* काढताना खाली हाच असतो. ANOVA च्या टेबलातली शेवटची ओळ पाहून १९ उचलणारे दर वर्षी भेटतात. ब्लॉक विसरून १६ लिहिणारेही असतात. त्यांच्या कंसातून वाचणाऱ्याला वाटतं की ब्लॉक पाडलेच नव्हते. जर्नलवाले कंसासाठी अडून बसतात ते यामुळेच, कारण प्रयोग कसा मांडला होता हे तिथे दिसतं. पडताळायला आरमध्ये एक ओळ पुरते:

```
pf(4.83, 3, 12, lower.tail = FALSE)
```

उत्तर ०.०१९८ च्या जवळ येतं. १२ च्या जागी १९ घातलं तर ते ०.०१२ च्या आसपास उतरतं. म्हणजे छापलेला *p* आणि छापलेला कंस एकमेकांशी जुळत नाहीत, आणि चिकित्सक परीक्षक असला तर त्याला हे दोन मिनिटांत कळतं. statcheck नावाचं आरचं पॅकेज हेच काम करतं, पण त्याला एपीएच्या साच्यातलीच ओळ नीट वाचता येते.

आता तिरप्या अक्षरांचं. संख्येच्या जागी उभं असलेलं रोमन अक्षर तिरपं: *F*, *t*, *p*, *r*, *M*, *SD*. ग्रीक अक्षरं सरळ: χ², η², β. कंस, स्वल्पविराम, आकडे, ANOVA सारखी संक्षेपं, हेही सरळच. *F* तिरपा करताना माउस जरा पुढे सरकतो आणि कंसही तिरका होतो. पानावर ते लगेच दिसत नाही, प्रूफमध्ये दिसतं.

जागेचे नियम थोडे आहेत. अक्षर आणि कंस चिकटलेले. कंसात स्वल्पविरामानंतर एक जागा. बरोबर किंवा 'पेक्षा कमी' चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एक-एक जागा. ओळीच्या शेवटी *p* वर आणि .020 खाली असं तुटू नये म्हणून वर्डमध्ये तिथे Ctrl+Shift+Space वापरा. आणि *t* ऋण असेल तर हायफन नको, वजाचं खरं चिन्ह घाला.

.020 मधलं आधीचं शून्य गेलं, कारण *p* एकाच्या वर जाऊच शकत नाही. *r* चंही तसंच. पण *M* किंवा कोहेनचा *d* एकाच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून *d* = 0.62 मध्ये शून्य राहतं. शेवटचं शून्य मात्र काढू नका: *p* ला तीन दशांश ठरवले तर सगळीकडे तीनच. एसपीएसएसच्या जुन्या आवृत्त्या .000 दाखवतात ते तसंच उतरवलेलं पाहिलं की मला राग येतो. *p* शून्य नसतो, तिथे *p* < .001 लिहायचं.

हे सगळं एपीएपुरतं. काही जर्नलं मोठा तिरपा *P* छापतात, काही आधीचं शून्य ठेवतात, पर्यावरणशास्त्राची बरीच जर्नलं डीएफ कंसाऐवजी *F* च्या खाली छोट्या आकड्यांत देतात. त्यामुळे त्या जर्नलचा ताजा अंक उघडून निकालाची एक ओळ नमुना म्हणून वर चिकटवायची आणि आपली प्रत्येक ओळ तिच्याशी ताडायची. फाइंड-रिप्लेसमध्ये 'फाइंड होल वर्ड्स ओन्ली' आणि 'मॅच केस' लावूनच *p* शोधा, नाहीतर plot मधला पी सुद्धा तिरपा होईल. आधी जागा दुरुस्त करा, मग तिरपेपण. टेबलाखालच्या टिपा शेवटी, हातानेच, मजकुरात .020 आणि टिपेत 0.02 असं राहतं ते बहुतेक तिथेच.