नऊ नव्हे, तीन: घातश्रेणीची त्रिज्या काढताना झालेली चूक

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असताना मी एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी असणाऱ्या जॅम परीक्षेची तयारी करत होते. त्या पेपरात काही प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तराची संख्या आपणच टाइप करायची असते आणि पायऱ्यांना गुण मिळत नाहीत. सरावाच्या एका पेपरात पुढची घातश्रेणी देऊन तिची अभिसरण त्रिज्या, म्हणजे x शून्यापासून किती अंतराच्या आत असेपर्यंत श्रेणी अभिसारी राहते, तिची बेरीज एका ठरावीक संख्येकडे जाते, ते अंतर विचारलं होतं:

Σ n·x^(2n) / 9^n

मला सूत्र पाठ होतं: R = lim |a_n / a_(n+1)|. सहगुणक n/9^n, त्याच्या पुढचा (n+1)/9^(n+1). भागाकार केला, 9·n/(n+1) आलं, सीमा 9. अर्ध्या मिनिटात उत्तर लिहून मी पुढच्या गणिताकडे वळले. मागे छापलेलं उत्तर 3 होतं.

छपाईची चूक असेल असं वाटून मी वही घेऊन आमच्या मॅडमकडे गेले. त्यांनी गणित बघितलं आणि म्हणाल्या, "x ला 4 ही किंमत दे आणि पहिली तीन पदं काढ बरं." काढली. पहिलं 16/9, म्हणजे सुमारे 1.78. दुसरं 6.32. तिसरं 16.86. त्रिज्या 9 असती तर x = 4 ला ही श्रेणी अभिसारी असायला हवी होती, आणि इथे पदं वाढतच होती. नुसती पहिली तीन पदं वाढली म्हणून काही सिद्ध होत नाही, कारण सुरुवातीला चढून नंतर उतरणाऱ्या श्रेणीही असतात. पण इथे पदात (16/9)^n आहे. एकापेक्षा मोठ्या संख्येचा हा घात कधीच उतरणार नाही, आणि पदं शून्याकडे जात नसतील तर श्रेणी अभिसारी होऊच शकत नाही.

"सूत्रातला a_n कुणाचा सहगुणक असतो?" मॅडमनी विचारलं.

"x^n चा," मी म्हणाले, आणि तेवढ्यात वहीतल्या x^(2n) कडे लक्ष गेलं. माझ्या श्रेणीत x, x^3, x^5 ही पदं नाहीतच, म्हणजे त्यांचे सहगुणक शून्य आहेत. सूत्र प्रामाणिकपणे लावायला गेलं तर एकाआड एक शून्याने भागावं लागेल. मी काढलेला 9 कुठून तरी आला होता खरा, पण तो x^2 वरचा निर्बंध होता, x वरचा नव्हता.

तेव्हापासून मी ते सूत्र बाजूला ठेवलं. आता x सकट अख्खं पद u_n म्हणून लिहिते आणि पुढच्या पदाला त्याने भागते:

|u_(n+1) / u_n| = ((n+1)/n) · x^2/9

n वाढत गेला की (n+1)/n एकाकडे जातो, म्हणून सीमा x^2/9. रेशो टेस्टप्रमाणे ही सीमा 1 पेक्षा कमी असेल तर श्रेणी अभिसारी, जास्त असेल तर अपसारी. x^2 < 9, म्हणून |x| < 3. वर्गमूळ घ्यायचं वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही, ते असमानता सोडवतानाच येतं. यामागचं कारणही साधं आहे. सीमा 1 पेक्षा कमी असेल, तर एका टप्प्यानंतर प्रत्येक पद आधीच्या पदाच्या r पटीपेक्षा लहान राहतं, आणि हा r स्वतः 1 पेक्षा कमी असतो. म्हणजे आपली श्रेणी एका अभिसारी भूमितीय श्रेणीच्या खाली दबून राहते.

याच पद्धतीने दुसरं गणित:

Σ (x−2)^n / (n·3^n)

गुणोत्तर (n/(n+1)) · |x−2|/3, सीमा |x−2|/3. ती 1 पेक्षा कमी हवी, म्हणून |x−2| < 3. त्रिज्या 3, केंद्र 2, म्हणजे −1 ते 5 मधला भाग. त्रिज्या विचारली असेल तर काम इथेच संपतं. अंतराल विचारलं असेल तर दोन टोकं उरतात, आणि तिथे सीमा बरोबर 1 येत असल्याने रेशो टेस्ट काहीच सांगत नाही. x = 5 ठेवलं की Σ 1/n मिळते, ती अपसारी. x = −1 ठेवलं की Σ (−1)^n/n मिळते. तिची चिन्हं आलटून पालटून येतात आणि 1/n कमी होत शून्याकडे जातो, म्हणून ती अभिसारी. त्यामुळे −1 आत, 5 बाहेर: [−1, 5). टोकांवर पुन्हा रेशो टेस्ट लावत बसण्यात मी बराच वेळ घालवला आहे. तिथे दुसरी कसोटीच लागते.

पण टोकावरही ते गुणोत्तर नीट बघण्यासारखं असतं, हे मला पुढच्या गणितात समजलं. ते माझं सगळ्यात आवडतं आहे:

Σ n!·x^n / n^n

क्रमगुणित दिसलं की रेशो टेस्ट सोयीची, कारण (n+1)! ला n! ने भागलं की फक्त n+1 उरतो. तो (n+1)^(n+1) मधल्या एका n+1 शी कटतो आणि राहतं:

|x| · (n/(n+1))^n = |x| / (1 + 1/n)^n

छेद e कडे जातो. म्हणून सीमा |x|/e आणि त्रिज्या e, सुमारे 2.718. इथे n/(n+1) एकाकडे जातो म्हणून त्याचा n वा घातही एकच, असं समजून बरेच जण R = 1 लिहितात. घातांकही वाढत असताना असं करता येत नाही.

आता टोक, x = e. गुणोत्तराची सीमा 1, म्हणजे कसोटी गप्प. पण सीमा सोडून प्रत्यक्ष गुणोत्तर बघा: e / (1 + 1/n)^n. छेद e कडे खालून जातो, त्याला कधीच गाठत नाही. म्हणजे प्रत्येक गुणोत्तर 1 पेक्षा मोठं आहे आणि प्रत्येक पद आधीच्यापेक्षा मोठं. पदं शून्याकडे जाणं शक्यच नाही. x = −e ला पदांची निरपेक्ष मूल्यं तीच राहतात, त्यामुळे दोन्ही टोकांना श्रेणी अपसारी.

शेवटचं गणित मॅडमनीच पुढच्या खेपेला दिलं:

1 + 2x + x^2 + 2x^3 + x^4 + 2x^5 + …

गुणोत्तर काढलं तर एकदा 2|x|, एकदा |x|/2, असंच आलटून पालटून. सीमाच नाही. मी "त्रिज्या अस्तित्वात नाही" असं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "सीमा नाही म्हणून कसोटी चालत नाही. त्रिज्या मात्र प्रत्येक घातश्रेणीला असते, शून्य असो, अनंत असो, नाहीतर मधली एखादी संख्या." मग सम आणि विषम घात वेगळे केले. सम घातांची श्रेणी 1 + x^2 + x^4 + …, विषम घातांची 2x + 2x^3 + 2x^5 + …. दोन्ही भूमितीय, दोन्हींचं गुणोत्तर x^2, म्हणून |x| < 1 असताना दोन्ही अभिसारी आणि एकूण बेरीज (1 + 2x)/(1 − x^2). |x| = 1 असेल तर पदांची निरपेक्ष मूल्यं 1 आणि 2 वरच अडकतात, आणि |x| त्याहून मोठा असेल तर पदं शून्यापासून दूरच जातात. त्रिज्या 1.