बॅग हरवली मुंबईत, मी फ्रँकफर्टला, आणि कंपनी म्हणे वीस हजार घ्या

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे, आमच्या मशीन जिथं जातात तिथं बसवायला आम्ही जातो. 2025 च्या उन्हाळ्यात फ्रँकफर्टजवळच्या एका कारखान्यात जायचं होतं. तिकीट एकच, नागपूर-मुंबई देशी एअरलाइननं आणि मुंबई-फ्रँकफर्ट परदेशी एअरलाइननं, बॅग नागपूरलाच थेट फ्रँकफर्टपर्यंत टॅग झाली. फ्रँकफर्टला पट्टा फिरून फिरून थांबला तरी माझी बॅग काही आली नाही.

काउंटरवरच्या बाईनं टॅगचा नंबर टाकला आणि म्हणाली, मुंबईला दुसऱ्या विमानात चढल्याची नोंदच दिसत नाही. तिनं रिपोर्ट बनवून दिला, त्याला पीआयआर म्हणतात, त्यावर एक रेफरन्स असतो: आधी एअरपोर्टची तीन अक्षरं, मग एअरलाइनची दोन, मग पाच आकडे. पुढं प्रत्येक मेलमध्ये हाच नंबर लागतो. मी निघता निघता बॅगेचा रंग, चाकं, हँडलला बांधलेली हिरवी सुतळी हे सगळं त्यात लिहून घेतलं, नाहीतर 'काळी ट्रॉली बॅग' एवढ्यावर कोणाला काय सापडणार.

बॅगेत कपडे होते, सावजी मसाल्याच्या पुड्या होत्या (त्या मी क्लेममध्ये टाकल्या नाहीत, त्यांची किंमत गोऱ्या माणसाला समजावणं माझ्याच्यानं होत नाही), सेफ्टी शूज होते आणि कंपनीची हत्यारं: टॉर्क रेंच, मायक्रोमीटर, डायल गेजचा सेट. खरी पंचाईत शूजची होती, कारण एस३ रेटिंगच्या शूजशिवाय कारखान्याच्या गेटमधून आत घेत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी रविवार! जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्टेशनवरची आणि एअरपोर्टवरची तेवढी उघडी. कपडे स्टेशनवरून घेतले, महाग, शूज सोमवारी सकाळी कामगारांच्या सामानाच्या दुकानातून घेतले आणि मग कारखान्यात पोचलो. पावत्या सगळ्या जपल्या, त्यावर 'सेफ्टी शू' असं छापलेलं आहे ना हेही बघून घेतलं.

रात्री मावसभावाला फोन केला, तो आधी नागपूर एअरपोर्टवर ग्राउंड हँडलिंगमध्ये होता. तो म्हणाला, "अबे, पीआयआर म्हणजे क्लेम नसते भाऊ, बॅग आली नाही एवढीच नोंद हाय ते. क्लेम वेगळा लिहून टाक, दोन्ही कंपन्यांना टाक."

"दोन्हींना काहून? मुंबईलाच हरवली ना?"

"ते तुला सिद्ध करत बसायचं नाही, त्यांचं त्यांनी बघावं."

हे त्याचं म्हणणं मला नंतर कागदावर सापडलं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागतो, 1999 चा, भारत 2009 मध्ये त्यात आला. त्याच्या कलम 36 मध्ये लिहिलंय की बॅगेसाठी प्रवासी पहिल्या एअरलाइनवर पण दावा करू शकतो, शेवटच्या एअरलाइनवर पण, आणि जिच्या हातून गेली तिच्यावर पण. म्हणजे 'आमच्याकडे आलीच नाही' हे फ्रँकफर्टवाल्या कंपनीचं उत्तर चालत नाही आणि 'आम्ही मुंबईला उतरवली' हेही चालत नाही, जे दोघांनी अगदी अपेक्षेप्रमाणे दिलं.

रात्री हॉटेलात लिहिलेला मेल लहानच होता. तिकिटाचा नंबर, टॅगचा नंबर, पीआयआरचा नंबर, बॅग कुठून कुठपर्यंत टॅग झाली, आणि रोजच्या गरजेच्या खर्चाच्या पावत्या. शेवटी एक मागणी: माझ्या बॅगचे सगळे स्कॅन द्या. बॅग घेतली तेव्हा, विमानात चढवली तेव्हा, ट्रान्सफरला दिली तेव्हा आणि पोचली तेव्हा नोंद ठेवायची असा एअरलाइन संघटनेचा 753 नंबरचा ठराव आहे, तो 2018 पासून लागू आहे. स्कॅन त्यांनी काही दिले नाहीत, पण त्या मेलनंतर 'बॅग नागपूरला चेक-इनच झाली नसेल' असा जो सूर होता तो बंद झाला.

मग 21 दिवस. करारात असं आहे की बॅग यायला हवी होती त्या तारखेपासून 21 दिवस उलटले, किंवा कंपनीनं आधीच हरवल्याचं कबूल केलं, तर बॅग हरवली धरून भरपाई मागता येते. तोवर ते शोधतोय शोधतोय म्हणत राहतात आणि तेही चूक नाही, बऱ्याच बॅगा सापडतातही. मी तोपर्यंत नागपूरला परत आलो होतो. हत्यारांची खरेदीची बिलं स्टोअरमधून काढली, कपड्यांची जी होती ती, आणि यादी केली, कोणती वस्तू, कधी घेतली, कितीला.

देशी एअरलाइनचं उत्तर आलं: नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 20,000 रुपये, बँक डिटेल्स पाठवा. मी जरा वेळ बघतच राहिलो. 20,000 ही मर्यादा भारतातल्या भारतात प्रवास असेल तर. माझा प्रवास नागपूरहून फ्रँकफर्टचा, एका तिकिटावर, आणि कराराच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की एकच प्रवास म्हणून ठरवलेला असेल तर मधे किती एअरलाइन आल्या तरी तो अखंड एक प्रवास. नागपूर-मुंबईचा तुकडा त्यातून तोडून देशी म्हणता येत नाही. हेच लिहिलं, टॅगच्या तुकड्याचा फोटो जोडला, ज्यावर शेवटचं ठिकाण फ्रँकफर्ट छापलेलं होतं. तो छोटासा चिकटवलेला तुकडा बोर्डिंग पासच्या मागं राहिला होता, आणि पूर्ण प्रकरणात सगळ्यात कामाचा कागद तोच ठरला.

आंतरराष्ट्रीय मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून एका प्रवाशाला 1519 एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, त्याचा भाव रोज बदलतो, तेव्हा साधारण पावणेदोन लाख रुपये होत होते. पण हे कमाल आहे, आपोआप मिळत नाही, युरोपियन युनियनच्या कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट सांगितलंय की नुकसान किती झालं ते प्रवाशानं दाखवायचं. म्हणून मी पावणेदोन लाख मागितलेच नाहीत, बिलांचा जेवढा हिशोब बसला तेवढा मागितला, सव्वा लाखाच्या आसपास.

मग नवीन अडचण. हत्यारांची बिलं कंपनीच्या नावावर, तर म्हणे ही तुमची मालमत्ता नाही. आमच्या एचआरकडून पत्र घेतलं, ही हत्यारं कामासाठी याच्या ताब्यात दिली होती आणि याला क्लेम करायचा अधिकार आहे. ते पत्र मिळवायला एअरलाइनपेक्षा जास्त वेळ लागला, सही करणारे साहेब पुण्याला गेले होते.

शेवटी त्यांनी कपड्यांवर घसारा कापला, जुने शर्ट म्हणून किंमत निम्म्यावर आणली, ते मी मान्य केलं, भांडण्यासारखं नव्हतं. हत्यारं आणि फ्रँकफर्टचे शूज जवळपास पूर्ण धरले. पैसे देण्याआधी एक फॉर्म आला, 'पूर्ण आणि अंतिम' असं त्यात होतं. रक्कम आकड्यात आणि अक्षरात आधी भरून पाठवा तेव्हाच सही करतो, असं कळवलं, कारण आलेल्या फॉर्ममध्ये रकमेची जागा रिकामीच होती.

पैसे माझ्या खात्यात आले त्या आठवड्यात आमच्या अकाउंट्सच्या वानखडे मॅडमचा फोन, "भाऊ, हत्यारांचे पैसे कंपनीचे ना, कधी भरता?" भरले. पावतीही घेतली त्यांच्याकडून, आता सवय झालीय.