ओळ त्यांची, तीन चरण माझे

“शेवटची ओळ दुसऱ्याने दिलेली, मग त्या कवितेत तुमचे स्वतःचे काय?”

मी समस्यापूर्ती करतो, म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या शेवटच्या चरणावर वरचे तीन चरण रचतो. लग्नाच्या पंगतीत, वाचनालयाच्या पायऱ्यांवर आणि एकदा तर माझ्या धाकट्या भावाकडून, इतक्या वेळा हे ऐकले आहे की पूर्वी मी तोंडातल्या तोंडात काही तरी बोलून विषय बदलत असे. आज नीट लिहितो, कारण या प्रश्नाने मला ज्या दिवशी खरोखर निरुत्तर केले तो दिवस मी अजून कोणाला सविस्तर सांगितलेला नाही.

नाशिकमधल्या एका साहित्य मंडळाने 2016 च्या उन्हाळ्यात समस्यापूर्तीची स्पर्धा ठेवली होती. त्या वर्षी गोदावरीतले रामकुंड कोरडे पडले होते, हे नाशिककरांना आठवत असेलच. दिलेला चरण असा होता: ‘नदी कोरडी अन् बुडाले किनारे’. वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे मनाच्या श्लोकांचे. लघु, गुरू, गुरू असा तुकडा चार वेळा, एका चरणात बारा अक्षरे. अट एवढीच की दिलेल्या चरणाला हात लावायचा नाही, आणि वरचे तीन चरण त्याच वृत्तात, त्याच यमकात रचायचे.

समस्या देणारा मुद्दाम अडचण देतो. नदीत पाणी नाही आणि तरी काठ बुडाले, हे एरवी अशक्य आहे, आणि ते शक्य ठरेल अशी परिस्थिती वरच्या तीन चरणांत उभी करणे हेच पूर्ती करणाऱ्याचे काम असते. संस्कृतातले ‘शतचन्द्रं नभस्तलम्’ हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. आकाशात शंभर चंद्र कसे दिसतील? तर कृष्णाच्या हाताचा तडाखा बसून भोवळ आलेल्या चाणूर मल्लाला ते दिसले. आकाश तेच राहिले, फक्त ते पाहणारा माणूस कवीने शोधून काढला. हा शोध देणाऱ्याने दिलेला नसतो.

हे सगळे मला तेव्हाही पाठ होते, म्हणूनच पुढचे लिहिणे जड जाते.

रीतीप्रमाणे मी आधी यमके मांडली: वारे, तारे, सारे, निखारे, पसारे, निवारे, पुकारे. मग तिसऱ्या चरणाकडे गेलो, कारण समस्यापूर्ती खालून वर रचायची असते. तिसरा चरण ही बिजागरी आहे. ती घट्ट बसली की पहिले दोन चरण कसेही जुळवता येतात. दोन रात्री काही सुचले नाही. अश्रूंनी काठ बुडाले, हे सुचले तेव्हाच टाकून दिले, कारण ते प्रत्येकाला सुचते. यात्रेच्या गर्दीत काठ बुडाले, हेही टाकले. तिसऱ्या रात्री गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती आठवली. गोदावरीला पूर आला की पाणी मारुतीच्या कुठपर्यंत पोचले यावर सारे गाव पूर मोजते, आणि त्या वर्षी त्याच्यापुढे मोजायला पाणीच नव्हते. चरण एका दमात आला आणि त्यावरून हे कडवे झाले:

कुठे मेघ गेले, कुठे गार वारे
तहानेत जाती उन्हाळेच सारे
दुतोंड्या उभा मोजतो फक्त तारे
नदी कोरडी, ना बुडाले किनारे

चौथा चरण पुन्हा वाचा. दिलेल्या ‘अन्’च्या जागी मी ‘ना’ घातला. ‘अन्’ गुरू, ‘ना’ही गुरू, त्यामुळे वृत्ताला धक्का नाही, कानालाही खटकत नाही. पण ‘ना’ आला की विरोध संपतो, समस्या समस्याच राहत नाही. नदी कोरडी आहे म्हणून काठ बुडाले नाहीत, यात सोडवायचे काय होते? मी चूक नकळत केली असे कोणी समजू नये. मला पुरते कळत होते. तिसरा चरण मला इतका आवडला होता की त्याच्यासाठी मी चौथा मोडला, आणि एका अक्षराचा फरक कोणी मनावर घेणार नाही अशी स्वतःची समजूत घातली.

परीक्षकांनी निकालाच्या दिवशी माझे कडवे मोठ्याने वाचले, ‘ना’पाशी थांबले, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, “तिसरा चरण उत्तम आहे. मात्र ही पूर्ती नव्हे. यांनी आमचा प्रश्न खोडून स्वतःचे उत्तर लिहिले आहे.” सभागृहात कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. त्यानंतर पहिल्या आलेल्या बाईंनी आपले कडवे वाचले:

दुकाने रिकामी, कुणी ना पुकारे
उन्हाने फुलांचे जळाले पसारे
तटी पोट ज्यांचे, तयां पूस ना रे
नदी कोरडी अन् बुडाले किनारे

त्यांनी चरणातले एकही अक्षर हलवले नव्हते. ‘बुडाले’ हा शब्द मी तीन रात्री पाण्यातच शोधत होतो. मराठीत मजुरी बुडते, धंदा बुडतो, उधारी बुडते. नदी आटली म्हणूनच काठावरची माणसे बुडाली. ‘अन्’ने जोडलेल्या, एकमेकींविरुद्ध वाटणाऱ्या दोन गोष्टी त्यांच्या कडव्यात कारण आणि परिणाम झाल्या.

मला झोंबले ते बक्षीस हुकल्यामुळे नव्हे. त्याच आठवड्यात रामकुंडापाशी द्रोणातले दिवे विकणाऱ्या एका मावशींजवळ मी उभा होतो. त्यांच्या टोपलीतली झेंडूची फुले कडेने काळी पडली होती, आणि त्या म्हणाल्या होत्या, “पाणी नाही तर दिवा कोण सोडतंय, दादा? धंदाच बुडाला.” तो शब्द माझ्या कानावर पडला, मी मान डोलावली, आणि घरी येऊन यमकांची यादी करत बसलो.

तर तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे. ओळ आम्हा दोघांनाही एकच मिळाली होती. त्या बाईंच्या कडव्यात जे त्यांचे होते आणि माझ्या कडव्यात जे नव्हते, तेच कवीचे स्वतःचे. स्वतःची ओळ असती तर मी ती मोडून सुटलो असतो आणि कोणाला पत्ताही लागला नसता. दिलेली ओळ मोडता येत नाही, म्हणून शब्द उलटापालटा करून पाहावा लागतो.

तरीही त्या कडव्याची बाजू मी पूर्णपणे सोडलेली नाही. दुतोंड्याचा चरण खरा होता असे मला आजही वाटते, आणि खऱ्या चरणासाठी नियम वाकवण्याचा मोह चुकीचाच असतो का, हा वाद माझा माझ्याशीच चालू आहे. परीक्षक म्हणतील, नियम नको असेल तर स्वतंत्र कविता लिहा, स्पर्धेत कशाला येता? त्यांचे बरोबर आहे. पण स्वतंत्र कवितेत मला तो मारुती कधीच आठवला नसता. तो ‘किनारे’च्या यमकानेच आणून दिला.

त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला गोदावरीला मोठा पूर आला. मी पाहायला गेलो तेव्हा पाण्याने दुतोंड्या मारुतीला वेढले होते आणि मे महिन्यात जिथे मावशींची टोपली होती तिथे गढूळ प्रवाह होता. एकाच वर्षात नदी कोरडी झाली होती अन् किनारेही बुडाले होते. केवळ काळ पुढेमागे केला असता तर समस्या सुटत होती, आणि माझा तिसरा चरणही वाचला असता: उन्हाळ्यात तारे मोजणारा मारुती श्रावणात पाणी मोजतो. तो चरण भुजंगप्रयातात बसवण्याचा प्रयत्न मी तेव्हापासून करतो आहे. ‘श्रावण’ शब्द गुरूने सुरू होतो आणि त्यापुढे दोन लघू येतात, त्यामुळे तो या वृत्तात कुठेच मावत नाही, आणि ‘पावसाळा’ घातला की मारुतीला जागा उरत नाही.