पोराच्या लिव्हरवरची चरबी

"मॅडम, अकरा वर्षांच्या पोराच्या लिव्हरवर चरबी आलीय म्हणे. किती वजन उतरवलं की जाईल? त्यापेक्षा एखादं औषधच द्या की."

गेल्या वर्षी खानापूर तालुक्यातून एक मुलगा आजीसोबत आला होता. वजन ५८ किलो, उंची १४६ सेंटिमीटर, मानेभोवती काळपट पट्टा. मळ समजून आजीने तिथे घासून घासून कातडी लाल केली होती. तो मळ नव्हे, अंगात इन्सुलिन वाढल्याची खूण असते. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते एसजीपीटी ९२ होतं. लॅबच्या कागदावर साधारण ४५ पर्यंत ठीक असं छापलेलं असतं, पण मुलग्यांसाठी आम्ही २६ आणि मुलींसाठी २२ च्या आसपासची मर्यादा धरतो.

पिशवीत लिव्हर टॉनिकच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या. मुलांच्या फॅटी लिव्हरसाठी मान्यता मिळालेलं औषध आजही नाही. व्हिटॅमिन ई आणि मेटफॉर्मिन अमेरिकेत मुलांवर तपासून पाहिली. २०११ साली निकाल आला, तेव्हा एसजीपीटी खाली ठेवण्यात दोन्ही नकली गोळीहून सरस ठरली नाहीत.

मग मी आजीला पोराचा दिवस विचारला. सकाळी दोन चमचे साखरेचा चहा आणि बिस्किटं, संध्याकाळी पुन्हा तेच, शाळेतून येताना थंड पेयाची बाटली, रविवारी कुंदा. त्या २५० मिलीच्या बाटलीत पाच चमचे साखर असते. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज. तो बहुतेक लिव्हरकडेच जातो आणि जास्तीचा तिथेच चरबी होऊन बसतो. म्हणून भाकरी, आमटी, उसळ तशीच ठेवली. भात एक डाव कमी केला, बाटलीच्या जागी ताक आलं. फळ चावून खायचं, रस काढायचा नाही. चहा घरातल्या सगळ्यांचाच बिनसाखरेचा झाला, आजीचाही. एकट्या पोराला वेगळं ताट वाढलं की ते आठवडाभरही टिकत नाही, हे मी फार घरांत पाहिलंय.

सहा महिन्यांनी वजन ५६, उंची १४९, एसजीपीटी ४१. उतरले दोनच किलो! सात ते दहा टक्के वजन उतरवा, हा मोठ्यांचा हिशेब. वाढत्या पोराचं वजन आहे तिथेच थांबलं आणि उंची वाढत गेली, तरी लिव्हरला फरक पडतो. उपाशी मात्र ठेवू नका, वाढ खुंटते.

एक गोष्ट मी आधीच करून घेतली होती: कावीळ बी-सी आणि लिव्हरमध्ये तांबं साठवणाऱ्या विल्सन आजाराच्या तपासण्या. तेही असेच लपून बसतात. मूल बारीक असून लिव्हरवर चरबी दिसली, किंवा एसजीपीटी ८० च्या वरच राहिलं, तर आहारावर विसंबून थांबू नका, मुलांच्या लिव्हरतज्ज्ञाकडे न्या. सोनोग्राफीतल्या ग्रेडवर फार जाऊ नका, थोडी चरबी त्यात दिसतच नाही.

त्या मुलाचं ४१ अजून २६ च्या वरच आहे. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त काढणार आहोत. मानेचा पट्टा थोडा फिका झालाय, आजीने घासणं सोडलंय.